महाप्रसादाचं एक पान कितीला पडलं? दानाच्या धान्यासह हिशोब कसा मांडायचा



गावात सप्ताह झाला, काल्याचं कीर्तन झालं, महाप्रसादाच्या पंगती उठल्या, की आठ-पंधरा दिवसांत हिशोबाची बैठक बसते. तिथे एक प्रश्न दरवर्षी निघतो: एक पान कितीला पडलं? खजिनदार एक आकडा सांगतात. मागे बसलेला कोणीतरी दुसराच आकडा सांगतो. आवाज चढतात, आणि काही वेळा प्रकरण विश्वासावर जातं. खरं म्हणजे बऱ्याचदा पैसे कुठेच गेलेले नसतात. दोघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं काढलेली असतात, एवढंच.

हा हिशोब पाचवी ते सातवीच्या मुलांना सहज जमण्यासारखा आहे. गुणाकार, बेरीज, वजाबाकी आणि शेवटी एक भागाकार, यापलीकडे त्यात काही नाही. अवघड आहे ते दुसरंच. काय धरायचं, काय सोडायचं आणि कशाने भागायचं हे ठरवणं. आज आपण एका सप्ताहाचा हिशोब पूर्ण मांडून बघू. आकडे आणि भाव शिकवण्यासाठी घेतलेले आहेत. आपल्या गावाचा हिशोब करताना आपले भाव घाला.

आधी कोठीची वही

आपल्या उदाहरणातल्या गावात जेवणाचा बेत साधा आहे: चपाती, वांगी-बटाट्याची भाजी, वरण, भात आणि गोडाला बुंदी. गावाने घरोघरून गहू आणि तांदूळ दिले. एका शेतकऱ्याने ३६ किलो तूर डाळ दिली. बाकीचं विकत आणलं.

पहिली अडचण इथेच येते. धान्य देणारी घरं अजूनही पायलीने देतात आणि वहीत "गहू ४० पायली" असं लिहिलं जातं. भाव मात्र किलोचा असतो. मग कोणीतरी सांगतं, "एक पायली म्हणजे अमुक किलो, लिहा." तसं लिहू नका. पायली हे आकारमानाचं माप आहे, वजनाचं नाही. त्याच पायलीत गहू वेगळा भरतो, तांदूळ वेगळा. शिवाय पायली सगळीकडे सारखी नाही, आणि घरातली जुनी मापं चेपलेली असतात. त्यातही कोणी माप सपाट भरतं, कोणी शीग लावून देतं. (मापावर जो निमुळता ढीग उभा राहतो ती शीग. "उत्साह शिगेला पोचला" हा वाक्प्रचार मुलांना इथेच समजावून सांगा, पुन्हा विसरणार नाहीत.)

उपाय सोपा आहे. ज्या पायलीने धान्य मोजलं तीच पायली तीन वेळा भरा, तिन्ही वेळा वजनकाट्यावर ठेवा आणि सरासरी काढा. आपल्या उदाहरणात गव्हाची पायली ३.२५ किलो भरली. म्हणजे ४० पायली गहू = १३० किलो. तांदूळ वेगळा तोलला, तो ८० किलो भरला. सगळं धान्य पोत्यात भरून थेट काट्यावर तोलता आलं तर त्याहून चांगलं.

आलेलं आणि वापरलेलं, हे दोन वेगळे रकाने

दान १३० किलो गव्हाचं आलं, पण दळायला १०० किलोच दिला. ३० किलो कोठीत शिल्लक राहिला. जेवणाच्या खर्चात १०० किलोच धरायचा, कारण शिल्लक गहू कोणाच्या पानात गेलेलाच नाही. तो पुढच्या कार्यक्रमाला जाईल किंवा विकला जाईल.

१०० किलो गहू निवडून, दळून ९७ किलो पीठ हाती आलं. घरोघरचा गहू एकत्र झालेला असतो; त्यात खडे, काडी-कचरा निघतो आणि चक्कीतही थोडी घट येते. हे पीठ ४८ घरांत वाटलं, प्रत्येकी साधारण दोन किलो, आणि प्रत्येक घरातून ६० चपात्या आल्या. ४८ × ६० = २८८० चपात्या. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे पडताळ्याला लागणार आहे.

आता तांदूळ. दानात ८० किलो तांदूळ आला, पण तो शिजवला नाही. कारण कुठलाही आचारी सांगेल: पंचवीस घरांचा तांदूळ एका पातेल्यात शिजत नाही. कोणाचा जुना, कोणाचा नवा. कोणाचा बारीक, कोणाचा जाड. नवा तांदूळ लवकर शिजून गोळा होतो, तोवर जुन्याचं शीत टणकच असतं. म्हणून मंडळाने मिसळीचा तांदूळ ३० रुपये किलोने विकला, त्याचे २,४०० रुपये आले, आणि एकाच जातीचा ७० किलो तांदूळ ५० रुपयांनी विकत घेतला.

बऱ्याच हिशोबांत इथेच गोंधळ होतो. दानाच्या तांदळाची किंमतही खर्चात धरली जाते आणि विकत घेतलेल्या तांदळाचीही. म्हणजे पानात एकदाच पडलेला भात वहीत दोनदा वाढला जातो. नियम एकच ठेवा: जे पातेल्यात गेलं तेच पानाच्या खर्चात. विकलेला तांदूळ ही जमा आहे. ती जमेच्या बाजूला लिहायची.

फुकट आलेल्या गव्हाला भाव कोणता?

मुलं हमखास विचारतात, "बाई, गहू तर फुकट मिळाला, मग त्याचे पैसे का धरायचे?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं द्या: मंडळाला फुकट मिळाला, गावाला नाही. कोणाच्या तरी कणगीतून तो कमी झाला आहे. आणि पुढच्या वर्षी दान आलं नाही, तर तोच गहू दुकानातून आणावा लागेल.

यातूनच भावही ठरतो. दान मिळालं नसतं, तर त्याच दिवशी, आपल्याच बाजारात, तेवढंच आणि तसंच धान्य घ्यायला किती पैसे पडले असते? तो भाव लावायचा. आपण गव्हाला ३० रुपये आणि तूर डाळीला १२० रुपये किलो धरू.

बैठकीत कोणी म्हणेल, हमीभाव धरा. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता, म्हणजे किलोला २४ रुपये २५ पैसे. तो शेतकऱ्याला विकताना मिळण्यासाठी ठरवलेला भाव आहे, आपला प्रश्न विकत घेण्याचा आहे. तरीही वाद झालाच तर फरक काढून दाखवा: किलोला ५ रुपये ७५ पैसे, १०० किलोला ५७५ रुपये. ९६० पानांवर वाटले तर पानाला जेमतेम ६० पैसे. ज्या गोष्टीवर तासभर भांडण होतं ती किती मोठी आहे, हे भागाकाराने एका ओळीत दिसतं.

पानं किती उठली?

खर्च कितीही काटेकोर लिहिला, तरी भाजक चुकला तर उत्तर चुकणारच. "हजार-बाराशे माणूस जेवलं" हा अंदाज झाला, मोजणी नव्हे. दोन वेगवेगळ्या वाटांनी मोजा आणि उत्तरं जुळतात का बघा.

पहिली वाट पंगतीची. मांडवात ४ ओळी, एका ओळीत ३० पानं. एक पंगत म्हणजे १२० पानं. अशा ८ पंगती झाल्या. १२० × ८ = ९६०. शेवटच्या पंगतीत वाढपी बसले, त्यांची पानंही यात आली. ओळ अर्धीच भरली तर भरलेली पानं मोजायची. हे काम सहावी-सातवीची चार मुलं उत्तम करतात: प्रत्येकाला एक ओळ आणि हातात वही.

दुसरी वाट पत्रावळींची. १,२०० आणल्या, २१० उरल्या, म्हणजे ९९० संपल्या. त्यांतल्या ३० फाटक्या निघाल्या किंवा एकाखाली एक अशा दोन लावल्या गेल्या. ९९० − ३० = ९६०. दोन्ही वाटा एका ठिकाणी आल्या. प्रत्यक्षात दहा-वीस पानांचा फरक राहतो आणि तो चालतो. शंभरचा फरक पडला तर मात्र मोजणीत काहीतरी सुटलं आहे. बहुतेक वेळा ते घरी नेलेले डबे असतात. डब्यांची वेगळी नोंद ठेवली की कोडं सुटतं.

इथे एक बारकावा आहे. फाटलेल्या पत्रावळींची किंमत खर्चात धरायची, पण भागताना ९९० ने नाही, ९६० ने भागायचं. पैसे ९९० पत्रावळींचे गेले, जेवण ९६० पानांवर वाढलं गेलं.

आता मांडणी

दानातून वापरलेलं:

- गहू १०० किलो × ३० = ३,००० रुपये
- तूर डाळ ३६ किलो × १२० = ४,३२० रुपये
- बेरीज ७,३२० रुपये

विकत आणून वापरलेलं:

- दळणाई ५०० रुपये
- तांदूळ ७० किलो × ५० = ३,५०० रुपये
- बेसन १६ किलो × १०० = १,६०० रुपये
- साखर २४ किलो × ४५ = १,०८० रुपये
- तेल २४ किलो × १४० = ३,३६० रुपये
- वांगी ६० किलो × २५ आणि बटाटे ४० किलो × २० = २,३०० रुपये
- मसाला, शेंगदाणे, कांदा-लसूण, कोथिंबीर, मीठ = २,६२० रुपये
- सरपण २,००० रुपये
- आचारी २ आणि मदतनीस, ठरवून ६,००० रुपये
- पत्रावळी-द्रोण ९९० × २ = १,९८० रुपये
- भांड्यांचं भाडं १,५०० रुपये
- पाण्याचा टँकर ८०० रुपये
- बेरीज २७,२४० रुपये

तेलाचे १५ किलोचे दोन डबे आणले होते. दुसऱ्या डब्यातलं ६ किलो न वापरलेलं राहिलं, म्हणून २४ किलोच धरलं. मांडव, ध्वनिक्षेपक आणि कीर्तनकारांची बिदागी यात नाही. तो सप्ताहाचा खर्च आहे, पानाचा नाही.

एकूण: ७,३२० + २७,२४० = ३४,५६० रुपये.
एका पानाचा खर्च: ३४,५६० ÷ ९६० = ३६ रुपये.

यातले साधारण ७ रुपये ६० पैसे दानाच्या धान्याचे आहेत आणि उरलेले २८ रुपये ४० पैसे विकतच्या वस्तूंचे.

बैठकीतले दोन आकडे आले कुठून?

खजिनदारांकडे रोख वही असते. बिलं एकूण २८,५०० रुपयांची होती (वापरलेलं २७,२४०, उरलेलं तेल ८४० आणि उरलेल्या पत्रावळी ४२०). तांदूळ विकून २,४०० आले. म्हणजे पेटीतून निव्वळ गेले २६,१०० रुपये. २६,१०० ÷ ९६० = साधारण २७ रुपये १९ पैसे. खजिनदारांचा आकडा हा.

मागे बसलेल्याने काय केलं? दानाचं सगळं धान्य धरलं: गहू १३० किलोचे ३,९००, तांदळाचे २,४००, डाळीचे ४,३२०, मिळून १०,६२०. त्यात सगळी बिलं मिळवली, २८,५००. बेरीज ३९,१२० आणि पानाला ४० रुपये ७५ पैसे.

दोघांच्या आकड्यांत साडेतेरा रुपयांचा फरक! ९६० पानांवर तो १३,०२० रुपयांचा होतो, आणि एवढी रक्कम ऐकली की संशय येणारच. पण जास्तीचा आकडा उलगडून बघा. ३९,१२० मधून आपले ३४,५६० वजा केले तर ४,५६० उरतात. त्यात शिल्लक गहू ९००, विकलेला तांदूळ २,४००, उरलेलं तेल ८४० आणि उरलेल्या पत्रावळी ४२०. बेरीज करून बघा, बरोबर ४,५६० येते. एकही रुपया हरवलेला नाही. जे पानात गेलंच नाही ते खर्चात शिरलं होतं.

मुलांना फळ्यावर हे तिन्ही आकडे लिहून द्या आणि फरक शोधायला लावा. नुसता भागाकार शिकवण्यापेक्षा इथे जास्त शिकणं होतं.

कोणता आकडा कुठे वापरायचा?

खजिनदारांचा २७ रुपयांचा आकडा खोटा नाही. "पेटीतून किती गेले?" या प्रश्नाचं ते उत्तर आहे. यंदा वर्गणी पुरली का, हे त्यावरून कळतं.

पण समजा एखादी व्यक्ती आईच्या स्मरणार्थ म्हणाली, "पुढच्या वर्षी शंभर पानांचा खर्च माझा." तेव्हा २७ रुपयांनी २,७१९ घेतले तर ती शंभर पानं पूर्ण त्यांची झाली नाहीत, प्रत्येक पानातला बाकीचा भाग गावाच्या दानावरच राहिला. पूर्ण खर्च सांगायचा तर तो १०० × ३६ = ३,६०० रुपये.

पावसाने दगा दिला तर हाच आकडा अधिक महत्त्वाचा ठरतो. घरात खायलाच धान्य नसेल तेव्हा दान येणार नाही. गहू आणि डाळीचे ७,३२० रुपये पेटीतून जातील आणि तांदळाचे २,४०० येणार नाहीत. २७ रुपये धरून वर्गणी ठरवलेलं मंडळ त्या वर्षी किराणा दुकानाच्या उधारीत सापडतं.

माणसं वाढली, माणसं घटली

"पान ३६ रुपयांचं, मग १,२०० पानांना १,२०० × ३६" असं मुलं लगेच करतात. तसं होत नाही. आचारी, भांडी आणि टँकर मिळून ८,३०० रुपये पानं वाढली म्हणून लगेच वाढत नाहीत. उरलेले २६,२६० रुपये पानांबरोबर वाढतात. १,२०० पानं म्हणजे सव्वापट, तर ते ३२,८२५ होतील. त्यात ८,३०० मिळवले की ४१,१२५. भागिले १,२०० केलं की पान ३४ रुपये २७ पैशांना पडतं. मात्र पानं दुप्पट झाली तर आचारीही वाढतील आणि टँकरही, म्हणून हा हिशोब थोड्याफार फरकापुरताच.

उलट बाजू जास्त महागात पडते. स्वयंपाक ९६० पानांचा झाला आणि वळवाच्या पावसाने ७०० माणसंच आली, तर शिजवण्याचा खर्च होऊन गेलेला असतो. ३४,५६० ÷ ७०० = ४९ रुपये ३७ पैसे. (शे-दोनशे पत्रावळी वाचतील, तेवढा थोडा कमी.) म्हणून जाणते आचारी भात एकदम टाकत नाहीत, पंगतीचा अंदाज घेत पातेली चढवतात. न शिजवलेला तांदूळ कोठीत परत जातो, शिजवलेला जात नाही.

पडताळा कसा घ्यायचा?

शेवटी हिशोब खरा वाटतो का, ते पानाकडे बघून ठरवा. एकूण वापर भागिले पानं:

- चपात्या २,८८० ÷ ९६० = ३
- तांदूळ ७० किलो ÷ ९६० = ७३ ग्रॅम
- डाळ ३६ किलो ÷ ९६० = साडेसदतीस ग्रॅम
- कच्ची भाजी १०० किलो ÷ ९६० = १०४ ग्रॅम

लहान मुलं आणि मोठी माणसं एका पंगतीत बसतात तिथे हे आकडे पटण्यासारखे आहेत. तांदूळ पानाला दीडशे ग्रॅम निघाला असता, तर तीनपैकी एक झालं असतं: वजन चुकलं, पानं कमी मोजली गेली किंवा भात उरून वाया गेला. कोणतं झालं ते विचारून शोधायचं. आकडा फक्त कुठे बघायचं ते दाखवतो.

या ३६ रुपयांत एक गोष्ट आलेली नाही. ४८ घरांतल्या बायकांनी साठ-साठ चपात्या लाटल्या, घरचा गॅस जाळला. वाढप्यांनी दुपारभर पंगती वाढल्या. त्याला अंदाजाने भाव लावू नका, पण हिशोबाच्या कागदावर तळाला एक ओळ लिहा: "चपात्या २,८८०, घरं ४८, श्रमदान, किंमत धरलेली नाही." पुढच्या वर्षी कोणी चपातीऐवजी विकतच्या पुऱ्यांचा बेत सुचवला, तर पान का महागलं हे त्या ओळीवरून कळेल.

मुलांसाठी सराव

१. तूर डाळ दानात आली नसती आणि १२० रुपये किलोनेच विकत घ्यावी लागली असती, तर पानाचा पूर्ण खर्च किती झाला असता? पेटीतून पानामागे किती गेले असते? (पूर्ण खर्च ३६ रुपयेच. पेटीतून ३०,४२० ÷ ९६० = साधारण ३१ रुपये ६९ पैसे.)

२. शिल्लक ३० किलो गहू २८ रुपये किलोने विकला. पानाच्या खर्चात काय बदल होईल? (काहीच नाही. पेटीत ८४० रुपये जमा होतील.)

३. आपल्या घरातलं कोणतंही एक माप घ्या. त्यात गहू, तांदूळ आणि डाळ सपाट भरून वेगवेगळं वजन करा. नंतर शीग लावून पुन्हा करा. सहा आकडे वहीत लिहून आणा.

पालकांनी तिसऱ्या प्रश्नाला स्वयंपाकघरातला काटा आणि अर्धा तास द्यावा. दोन्ही नसतील तर किराणा दुकानाच्या काट्यावरही हे काम होतं.